चेहरा लाल होतो, कारण...

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांमध्ये बाहेरगावचे कामगार येतात. त्यांत ईशान्य भारतातले तरुणही असतात. असाच पंचविशीतला अरुणाचलचा एक मुलगा ओपीडीत आला. एका पार्टीत त्याने अर्धी बाटली बिअर घेतली होती. पंधरा मिनिटांत चेहरा, मान आणि छाती लालबुंद झाली, डोकं ठणकू लागलं आणि छाती धडधडू लागली. "घरी वडिलांनाही असंच होतं," तो म्हणाला. सोबतच्या मित्रांनी दोन सल्ले दिले होते. एक, पिण्याआधी अ‍ॅसिडिटीची गोळी घे, लाली येत नाही. दुसरा, थोडी थोडी घेत राहा, सवय होते. हे खरं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

दोन्ही सल्ले बऱ्याच अंशी खरे आहेत आणि म्हणूनच ते धोक्याचे आहेत.

दारू पोटात गेली की यकृत तिची विल्हेवाट दोन टप्प्यांत लावतं. पहिल्या टप्प्यात अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. हे अल्कोहोलपेक्षा कितीतरी अधिक विषारी रसायन आहे. दुसऱ्या टप्प्यात एएलडीएच-२ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. बहुतेकांच्या शरीरात हा दुसरा टप्पा इतक्या झपाट्याने उरकतो की अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात फारसं साठतच नाही. दुसरा टप्पा मंद असेल तर ते साठतं. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हिस्टामिन मोकळं होतं. मग चेहरा लाल होतो, नाडी वेगाने चालते, डोकं दुखतं, मळमळतं. याला अ‍ॅलर्जी म्हणणं चूक आहे. ही विष साठल्याची खूण आहे.

दुसरा टप्पा मंद का होतो? हे विकर बनवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर निम्मं काम चालू राहील असं वाटेल. पण तसं होत नाही. हे विकर चार तुकडे एकत्र येऊन तयार होतं आणि एक बिघडलेला तुकडा शेजारच्यांचंही काम मंदावतो. चार नाणी उडवली तर चारही छापे पडण्याची शक्यता सोळात एक असते. तसंच इथे चारही तुकडे चांगले असलेलं विकर सोळात एकच निघतं. बाकीची लंगडत चालतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर विकर जवळपास बंदच पडतं.

हा बदल चीन, जपान, कोरियात अतिशय सामान्य आहे. तिथे तीन-चार माणसांमागे एकात तरी तो सापडतो. भारतात तो विरळ आहे, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या काही समूहांत मात्र आढळतो. म्हणून त्या मुलाचं मूळ गाव आणि वडिलांची हकिगत ऐकल्यावर निदान अवघड नव्हतं. एक साधा प्रश्न पुरतो: एक ग्लास बिअरने आता चेहरा लाल होतो का, किंवा पिणं सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत होत होता का? जपानमध्ये हाच प्रश्न विचारून हा दोष बऱ्यापैकी अचूक ओळखला जातो. प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण सवयीने लाली कमी होते.

आता त्या दोन सल्ल्यांकडे येऊ. अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्या हिस्टामिनचा परिणाम रोखतात, त्यामुळे त्वचा कमी तांबडी दिसते. पण अ‍ॅसिटाल्डिहाइड जिथल्या तिथे राहतं. घंटा बंद झाली म्हणून आग विझत नाही. दारूतून येणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलं आहे. त्याचा सर्वांत मोठा फटका अन्ननलिकेला बसतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या माणसाला घोटभर दारूही सोसत नाही, म्हणून तो बहुधा वाचतो. खरा धोका एक प्रत बिघडलेल्यांना असतो, कारण ते नेटाने पिऊ शकतात. तेवढीच पिणाऱ्या इतरांच्या तुलनेत त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी जास्त असतो. जपानमध्ये उपचारासाठी येणाऱ्या मद्यासक्तांत अशा एक प्रत बिघडलेल्या माणसांचं प्रमाण १९७९ मध्ये सुमारे अडीच टक्के होतं, ते १९९२ मध्ये १३ टक्क्यांवर गेलं. जनुक तेच राहिलं, पिण्याचा आग्रह वाढला.

मग आपल्या इथल्या माणसाचा चेहरा असा लाल झाला तर? पन्नाशीचा एक मच्छीमार आठवतो. वर्षानुवर्षं पिणारा, कधी काही झालं नव्हतं. एका संध्याकाळी त्याला घरच्यांनी धरून आणलं. "डॉक्टरांनू, अर्धो पेग घेतलंय आणि काळीज धडधडूक लागला," एवढंच तो कसंबसं बोलला. चेहरा तांबडा, घाम, उलट्या, रक्तदाब उतरलेला. जन्मापासूनचा दोष पन्नाशीत अचानक उगवत नाही. बायकोला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. दारू सुटावी म्हणून ती आठवडाभर त्याच्या चहात न सांगता गोळीची पूड घालत होती.

ती गोळी डायसल्फिरामची होती. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये याकोबसेन आणि हाल्ड हे संशोधक जंतावर औषध म्हणून ते तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेतलं आणि दारू प्यायल्यावर दोघेही आजारी पडले. तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. ही गोळी नेमकं तेच एएलडीएच-२ विकर बंद करते. अरुणाचलच्या मुलाला जे जन्माने मिळालं, ते मच्छीमाराला चहातून मिळालं. फरक असा की एकदा निकामी झालेलं विकर परत चालू होत नाही, नवीन तयार व्हावं लागतं. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही दारू घेतली तर त्रास होऊ शकतो. यावर उतारा देणारं इंजेक्शन नाही. सलाइन आणि ऑक्सिजन देऊन रक्तदाब सांभाळत वाट पाहावी लागते. हृदयविकार असलेल्या माणसाचा यात जीवही जाऊ शकतो. तो मच्छीमार दुसऱ्या दिवशी सावरला. पण ही गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. बायकोची तळमळ समजते, तरी चोरून दिलेली गोळी म्हणजे विषप्रयोगच.

किनाऱ्यावर आणखी एक कारण विसरू नये. उन्हात राहून खराब झालेल्या बांगड्यात हिस्टामिन साठतं आणि ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाऊनही तोंड लाल होतं. मात्र तेव्हा दारू न घेतलेल्यांनाही, एकाच पंगतीत जेवलेल्या अनेकांना, एकदमच त्रास होतो.

त्या मुलाला मी सांगितलं, गोळी घेऊ नकोस, सवयही करू नकोस, दारूच घेऊ नकोस. आग्रह झाला तर डॉक्टरांनी बंद केली आहे म्हण. अशी लाली येत असूनही ज्यांनी वर्षानुवर्षं घेतली आहे, त्यांना घास अडकल्यासारखा वाटू लागला किंवा गिळताना दुखलं, तर पित्ताची औषधं घेत बसू नये. दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्यावी.