आयएसबीएन जुळला, पुस्तक नाही

जुन्या पुस्तकांची यादी करताना आयएसबीएन लिहिला, शेजारी ‘चांगली अवस्था’ असा शेरा मारला, की पुस्तकाचे वर्णन झाले, असा समज विकणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांतही आहे. तो कुठे फसतो हे बारावीच्या रसायनशास्त्रात चटकन दिसते. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करताना या विषयाची सहा प्रकरणे वगळली. आधी दोन्ही भागांत मिळून १६ प्रकरणे होती, ती १० उरली. जुन्या पहिल्या भागात नऊ प्रकरणे आहेत, नव्यात पाच. जी प्रकरणे टिकली त्यांचेही क्रमांक सरकले: द्रावणांचे दुसरे प्रकरण पहिले झाले, अमाइन्सचे तेरावे नववे. म्हणजे वर्गात ‘नववे प्रकरण काढा’ म्हटल्यावर जुनी प्रत हातात असलेल्या मुलासमोर भलतेच पान उघडते. आता ‘एनसीईआरटी केमिस्ट्री, बारावी, भाग १, उत्तम स्थिती’ असे वर्णन वाचून त्याला यातली कुठली प्रत मिळणार हे कसे कळावे? ‘एकूण पाच प्रकरणे’ किंवा ‘एकूण नऊ प्रकरणे’ या तीन शब्दांत ते कळते. शिवाय जुनी प्रत टाकाऊ असते असेही नाही. पी-ब्लॉक मूलद्रव्यांचे प्रकरण पुस्तकातून गेले, पण २०२४ च्या नीटच्या अभ्यासक्रमात ती मूलद्रव्ये होतीच. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारा विद्यार्थी मुद्दाम जुनी प्रत शोधत असतो, आणि वर्णन मोघम असले तर त्यालाही ती सापडत नाही.

यावर कोणी म्हणेल, की पुस्तक बदलले तर आयएसबीएनही बदलायला हवा. नियम तसाच आहे. मजकुरात लक्षणीय बदल झाला तर नवा क्रमांक, नुसते पुनर्मुद्रण असेल तर जुनाच. पुठ्ठ्याच्या आणि कागदी बांधणीलाही वेगवेगळे क्रमांक द्यायचे असतात. पण बदल ‘लक्षणीय’ आहे की नाही हे प्रकाशक ठरवतो, आणि आपल्याकडे हा निर्णय फार शिस्तीने होतो असे म्हणवत नाही. दुसरे असे की क्रमांक छापील आवृत्तीचा असतो, तुमच्या हातातल्या प्रतीचा नसतो. पानांवर कोणी पेन चालवले आहे हे तो सांगू शकत नाही. म्हणून क्रमांकासोबत शीर्षकपानाच्या मागच्या बाजूची आवृत्ती-पुनर्मुद्रणाची शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवायला हवी. त्यातही एक गंमत आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकांवर पहिल्या आवृत्तीपुढे फेब्रुवारी २००६ आणि फाल्गुन १९२७ अशा दोन्ही नोंदी असतात. दुसरी नोंद शकाची आहे, तिच्यात ७९ मिळवले की २००६ येते. घाईत तेवढाच आकडा उचलला तर पाठ्यपुस्तक शंभरीला टेकते.

क्रमांक उतरवण्यातही एक नेहमीची चूक होते. २००७ च्या आरंभापासून आयएसबीएन १३ अंकी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर तो १० अंकी आहे. जुन्या क्रमांकापुढे 978 लावले की नवा क्रमांक तयार, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून काढलेला पडताळा असतो आणि दोन्ही पद्धतींत तो वेगळ्या रीतीने काढतात. उदाहरणार्थ 81-7450-648-9 हा क्रमांक घ्या. नव्या रीतीत शेवटचा 9 सोडून पुढे 978 लावायचे, मग पहिल्या अंकाला एकने, दुसऱ्याला तीनने, पुन्हा एकने, तीनने असे गुणत बेरीज करायची. ती १४९ येते. पुढची दहाच्या पटीतली संख्या १५०, म्हणून पडताळ्याचा अंक 1 आणि पूर्ण क्रमांक 978-81-7450-648-1. नुसते 978 चिकटवले तर शोधखिडकी काहीच दाखवत नाही आणि पुस्तक असूनही नसल्यासारखे होते. जुन्या क्रमांकाच्या शेवटी कधी कधी X असतो, ती छपाईतली चूक नव्हे; त्या जागी दहा हा पडताळा आहे.

संग्राहकाच्या बाबतीत मोठा गोंधळ ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांनी होतो. मराठी प्रकाशनात बहुधा प्रत्येक छपाईला आवृत्ती म्हणण्याची रीत आहे, आणि सातव्या छपाईच्या पुस्तकातही ‘पहिली आवृत्ती : १९६३’ ही ओळ सर्वांत वर असते. विकणारा तेवढीच वाचतो. यात दर वेळी लबाडी असते असे मी मानत नाही, पण घेणाऱ्याचे पैसे मात्र जातात. ‘कोसला’चे उदाहरण पाहा. ही कादंबरी १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, नंतर ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. तेव्हा शीर्षकपानावर पॉप्युलरचे नाव असेल तर पुढची चर्चाच नको. आयएसबीएन छापलेला असेल तरीही नको, कारण ती पद्धत १९७० च्या सुमाराची. शीर्षकपान फाटलेले असेल तर पत्ता पाहावा: पिन कोड ऑगस्ट १९७२ मध्ये सुरू झाला, म्हणून सहा आकडी पिन असलेला छापील पत्ता त्याआधीचा असू शकत नाही. उलट पिन नाही एवढ्यावरून प्रत जुनी ठरत नाही. असे पुरावे प्रत बाद करायला उपयोगी पडतात, सिद्ध करायला नव्हे. अशा प्रतीवर आयएसबीएन नसला तर ‘नाही’ असेच लिहावे. रकाना रिकामा दिसू नये म्हणून आजच्या आवृत्तीचा क्रमांक त्यात भरणे ही या धंद्यातली सर्वांत त्रासदायक सवय आहे. त्या क्रमांकासोबत आजचे मुखपृष्ठ आणि आजची पानसंख्याही आपोआप येऊन बसते, आणि साठ वर्षांपूर्वीची प्रत नव्या पुस्तकाच्या गर्दीत हरवते.

बांधणीच्या रकान्यात ‘पुठ्ठा’ एवढे लिहून भागत नाही, कारण तो पुठ्ठा प्रकाशकाचा की वाचनालयाच्या बाइंडरचा, यावर बरेच अवलंबून असते. बाइंडर कागदी मुखपृष्ठ बहुधा काढून टाकतो, कडा कापून समास कमी करतो आणि कण्यालगत इतके घट्ट शिवतो की आतल्या बाजूचे शब्द वाचायला पुस्तक दाबून धरावे लागते. विद्यार्थ्याला ही प्रत मजबूत म्हणून चालेल. मूळ मुखपृष्ठासाठी आलेल्याला ती चालणार नाही. दोषांचेही तसेच. ‘थोडे खराब’ याला काही अर्थ नाही. ‘पाने ४१ ते ५६ सुटी, पण सर्व आहेत’ आणि ‘पाने ४१ ते ५६ नाहीत’ या दोन वाक्यांत किमतीचा सगळा फरक आहे. ही सोळा पाने बहुधा एक अख्खा फर्मा असतो. बांधणीत कधी एक फर्मा दोनदा बसतो आणि दुसरा राहूनच जातो. तेव्हा पुस्तक जाडीला बरोबर भरते आणि उणीव पृष्ठक्रमांक सलग चाळल्याशिवाय सापडत नाही. अधोरेखन असेल तर ते पेन्सिलीचे की पेनचे आणि साधारण कुठवर, वाळवीचे भोक असेल तर ते समासात की मजकुरात, हेही सांगावे.

पन्नास रुपयांच्या पुस्तकासाठी एवढा खटाटोप कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. सगळ्याच पुस्तकांना तो लागतही नाही. पाठ्यपुस्तकाला मंडळ, माध्यम, भाग, शेवटची छपाई आणि प्रकरणांची संख्या पुरते. पानांवरच्या तांबूस ठिपक्यांचे तिथे कोणाला काही नसते. आवृत्तीवर किंमत ठरणाऱ्या पुस्तकाला मात्र वेळ द्यावा लागतो. दोष सांगितले तर गिऱ्हाईक पळते, हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही. पळणारे गिऱ्हाईक पुस्तक हातात पडल्यावर परत करणारच होते, आणि टपालाचा दुहेरी खर्च पन्नास रुपयांच्या पुस्तकाला झेपत नाही. फोटो टाकले की काम झाले, हेही अर्धेच खरे. फोटोत मुखपृष्ठ आणि कण्यावरची चीर दिसते, गहाळ फर्मा दिसत नाही. फोटो एकच टाकायचा असेल तर तो मुखपृष्ठाचा न टाकता शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा टाकावा.