खळखळ इंग्रजीत उतरवताना

‘पाणी खळखळ वाहत होतं’ या वाक्यातलं क्रियापद अगदी साधं आहे. वाहणं नदीचं, घामाचं, रक्ताचं आणि रस्त्याचंही असतं. पाणी कसं वाहतं हे सांगण्याचं सगळं काम ‘खळखळ’ करते: प्रवाह उथळ आहे, तळाशी दगडगोटे आहेत, वेग बरा आहे. मराठीची ही नेहमीची पद्धत आहे. क्रियापद मोघम ठेवायचं आणि रंग त्याच्या आधीच्या नादशब्दात भरायचा. पाऊस टपटप पडतो, भांडं ठणकन पडतं, फणस धपकन पडतो. पडणं एकच, नाद तीन.

इंग्रजीची घडण नेमकी उलटी. तिथे नाद बहुतेकदा क्रियापदाच्या पोटात असतो. गर्गल, बबल, रॅटल, क्लॅटर, पॅटर या क्रियापदांत आवाजही आहे आणि क्रियाही. त्यांच्या शेवटच्या ‘ल’ आणि ‘र’ने पुन्हापुन्हा घडण्याचा भासही होतो, म्हणजे आपल्या द्विरुक्तीचं काम काही अंशी तिथेच भागतं. म्हणून ‘खळखळ’साठी एखादं क्रियाविशेषण शोधत बसलं की अनुवादक फसतो. ‘नॉइझिली’ लिहिलं तर अर्थ साधारण पोचतो, पण पाणी मुकं होतं. शोध घ्यायचा तो क्रियापदाचा.

दुसरा मोह मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेवण्याचा. पण तिथे ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ट’ की ‘त’ हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘टणाटण’मधला सगळा कडकपणा जीभ टाळूकडे वळवून काढलेल्या ‘ट’ आणि ‘ण’मध्ये आहे. इंग्रजी वाचक तो शब्द ‘टॅनटॅन’ असा काहीसा वाचून पुढे जाईल. नादासाठी ठेवलेल्या शब्दातून नादच गेलेला असेल.

तिसरा मोह द्विरुक्तीला द्विरुक्ती देण्याचा. इंग्रजीत पिटर-पॅटर, डिंग-डाँग असे जोडशब्द आहेत, पण त्यांना बालगीतांचा आणि चित्रकथांचा वास येतो. मराठीत मात्र न्यायाधीशाच्या तोंडीही ‘पटापट सह्या करा’ शोभतं. प्रौढ गद्यात असे इंग्रजी जोडशब्द पेरले की गंभीर प्रसंगही पोरकट वाटू लागतो.

मग करायचं काय? एक छोटा उतारा घेऊन पाहू. ‘पोरगं दगडांवरून टणाटण उड्या मारत ओढ्याशी आलं. पाणी खळखळ वाहत होतं. हातातली रिकामी कळशी खडकावर ठणकन आपटली आणि पोरगं खळखळून हसलं.’

आधी ‘टणाटण’. मुळात हा कठीण वस्तू आपटण्याचा आवाज, पण अनवाणी पोराच्या उडीचा तसा आवाज येतच नाही. इथे शब्द आवाजापेक्षा उडीची जात सांगतो: ताठ, उसळती, एकीमागून एक. मधला ‘आ’ही महत्त्वाचा. ‘टणटण’मध्ये नुसती पुनरावृत्ती आहे, ‘टणाटण’मध्ये वेग आहे. टपटप-टपाटप, पटपट-पटापट या जोड्यांतही असाच फरक जाणवतो. इंग्रजीत ‘जंपिंग’ लिहिलं तर उडी राहते, उसळी जाते. ‘स्प्रिंगिंग फ्रॉम स्टोन टू स्टोन’ केलं तर स्प्रिंगमध्ये उसळी येते, आणि ‘स्टोन टू स्टोन’ ही नामाची पुनरावृत्ती द्विरुक्तीचा ठेका परत आणते. ‘स्प’ आणि ‘स्ट’चे ठोकेही पावलांसारखे पडतात. शब्द बदलला, पण ठेका राहिला.

‘ठणकन’मधल्या ‘कन’चा अर्थ आहे एकदाच आणि अचानक. ‘ठणठण’ किंवा ‘ठणठणाट’ असतं तर गोष्ट वेगळी. इंग्रजीत उमेदवार तीन: क्लिंक, क्लँक, क्लँग. क्लिंक चहाच्या पेल्यांचं, फार नाजूक. क्लँक ‘क’वर तुटतो, जणू लगेच आवाज दाबला. क्लँगच्या शेवटी अनुनासिक घुमतं, आपल्या ‘ण’सारखं. रिकामी कळशी घुमते, म्हणून क्लँग. ती भरलेली असती तर मराठीतही ‘ठणकन’ चाललं नसतं. शिवाय ‘विथ अ क्लँग’ अशी शेपूट लावण्यापेक्षा ‘क्लँग्ड’ हे क्रियापदच केलं की एका झटक्यात काम होतं.

खरी अडचण ‘खळखळ’ची, कारण ती दोनदा येते: एकदा पाण्यात, एकदा हसण्यात. एकेकटं पाहिलं तर पाण्यासाठी ‘चॅटर’ उत्तम. दगडगोट्यांवरून जाणाऱ्या प्रवाहाचा तडतडाट त्यात आहे. टेनिसननेही ‘द ब्रूक’ या कवितेत ओढ्यासाठी ते क्रियापद वापरलं आहे. हसण्यासाठी ‘पील ऑफ लाफ्टर’ चालेल. पण मग ओढा आणि पोरगं एकाच नादात हसतात, हे मूळ उताऱ्यातलं नातं तुटतं. ‘रिपल’ दोन्हीकडे चालतं, पण फार मंद आहे. ‘बबल’ही दोन्हीकडे चालतं: पाणी बबल होतं, हसूही बबल होत बाहेर येतं. त्यात किंचित झऱ्याच्या उगमाचा किंवा उकळीचा भास आहे, दगडांचा खडखडाट कमी आहे. या उताऱ्यात नातं जास्त मोलाचं, म्हणून ‘ओव्हर द पेबल्स’ जोडून दगड परत आणायचे आणि ‘बबल’ घ्यायचं. नुसतं प्रवासवर्णन असतं तर निवड ‘चॅटर’ची.

शेवटी वाक्यं अशी होतात: ‘स्प्रिंगिंग फ्रॉम स्टोन टू स्टोन, द बॉय केम डाउन टू द स्ट्रीम. द वॉटर बबल्ड ओव्हर द पेबल्स. द एम्प्टी पॉट इन हिज हँड क्लँग्ड अगेन्स्ट अ रॉक, अँड लाफ्टर बबल्ड आउट ऑफ हिम.’ मोठ्याने वाचून पाहावं. मराठी न येणाऱ्याला ऐकवलं आणि त्याला ओढा ऐकू आला, तर जमलं. त्याने ‘हे लहान मुलांसाठी आहे का?’ असं विचारलं, तर नाद जास्त झाला.

नादशब्द अर्थ बदलतात तिथे आणखी जपावं लागतं. ‘त्याने खळखळ न करता पैसे दिले’ इथे पाणी नाही, कुरकूर आहे. ‘विदाउट अ ग्रंबल’ नेमकं बसतं, आणि ग्रंबल हाही कानाला गुरगुरणारा शब्द आहे. ‘आजोबा अजून टणटणीत आहेत’ यामागे तडा न गेलेल्या भांड्याची कल्पना दिसते. इंग्रजीत ‘साउंड ॲज अ बेल’ म्हणतात, तिथे तडा न गेलेली घंटा आहे. नाणं वाजवून पारखण्यातून आपला ‘खणखणीत’ आला, तसंच त्यांचं ‘रिंग ट्रू’. अशा ठिकाणी शब्दाला शब्द शोधण्यापेक्षा त्यामागची वस्तू शोधली तर उत्तर लवकर सापडतं.

सगळंच असं जुळत नाही. जखम हुळहुळते, ठसठसते आणि चुरचुरते. ‘ठसठस’ला ‘थ्रॉब’ आहे, ‘चुरचुर’ला ‘स्टिंग’ आहे, पण ‘हुळहुळ’ला ‘टेंडर’वर भागवावं लागतं, आणि त्यात नाद अजिबात नाही. तो त्याच वाक्यात मिळाला नाही, तर पुढच्या एखाद्या वाक्यात, जिथे इंग्रजीकडे चांगलं नादक्रियापद आहे, तिथे भरून काढता येतो. त्यासाठी हिशेब एकेका शब्दाचा न ठेवता अख्ख्या परिच्छेदाचा ठेवावा लागतो.