‘जरासा मळलाय’ म्हणजे नेमका किती?

दोस्तांनो, खेळून आल्यावर घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही विचारा, ‘माझा शर्ट किती मळलाय?’ ‘बासष्ट टक्के’ असं उत्तर कधीच मिळणार नाही. ‘जरासा मळलाय’, ‘बराच मळलाय’, नाहीतर ‘शी! काय हा अवतार!’ असंच काहीतरी ऐकायला मिळेल. पण तेवढ्यावरून साबण किती लावायचा आणि किती घासायचं, ते त्या माणसाला बरोबर कळतं.

यंत्राला मात्र आकडा लागतो. समजा, पाण्याचा गढूळपणा आपण ० ते १०० असा मोजला आणि यंत्राला सांगितलं, ‘६०च्या खाली असेल तर १० मिनिटं धू, नाहीतर २० मिनिटं.’ मग ५९ला १० मिनिटं आणि ६०ला एकदम २०! चिमूटभर मातीसाठी दहा मिनिटांचा फरक? हे काही खरं नाही.

यावरची युक्ती अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडली. तिचं नाव फझी लॉजिक. फझी म्हणजे धूसर, कडा स्पष्ट नसलेलं. जपानच्या मात्सुशिता कंपनीनं ती कपडे धुण्याच्या यंत्रात घालून १९९० साली बाजारात आणली.

अशा यंत्रात पाण्याच्या वाटेवर एका बाजूला बारीकसा दिवा असतो आणि समोर प्रकाश मोजणारा सेन्सर. पाणी जितकं गढूळ, तितका प्रकाश कमी पोचतो. पण या एका डोळ्यानं यंत्र दोन गोष्टी ओळखतं! चिखल पाण्यात पटकन सुटतो आणि तेलकट मळ हळूहळू. म्हणून पाणी किती गढूळ झालं, हे यंत्र पाहतंच. शिवाय गढूळपणा वाढायचा थांबायला किती वेळ लागला, हेही मोजतं.

आता एक गणित करून पाहू. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) गढूळपणा भरला ६०. ‘मध्यम’ या शब्दाला ५०वर पूर्ण १ गुण द्यायचा आणि दोन्ही बाजूंना तो उतरत नेत ०वर आणि १००वर शून्य करायचा. वहीत काढलंत तर छपरासारखा त्रिकोण दिसेल. ‘जास्त’चा गुण ५०वर शून्य आणि १००वर १. अशा आकृतीला मेंबरशिप फंक्शन म्हणतात. आपलं ६० तिच्यात बसवलं, तर ते ०.८ इतकं मध्यम आणि ०.२ इतकं जास्त, असं दोन्ही एकदम ठरतं. (ही शक्यता नव्हे बरं का! ‘पाऊस पडायची शक्यता वीस टक्के’ म्हणतात, तसं हे नाही. पाणी किती गढूळ आहे ते आपल्याला ठाऊक आहे. त्याला कोणता शब्द किती शोभतो, एवढंच हे सांगतं.) वेळेचंही तसंच. मळ सुटायला ४ मिनिटं लागली, तर ते ०.६ ‘लवकर’ आणि ०.४ ‘सावकाश’ असं धरू.

पुढे येतात नियम, अगदी घरातल्या बोलीतले. मध्यम गढूळ आणि लवकर, तर १० मिनिटं धू. मध्यम आणि सावकाश, तर १५. जास्त आणि लवकर, तरी १५. जास्त आणि सावकाश, तर २०. दोन्ही अटींपैकी जिचा गुण कमी, तितकंच त्या नियमाचं वजन. म्हणजे पहिल्याचं ०.६, दुसऱ्याचं ०.४, तिसऱ्याचं ०.२ आणि चौथ्याचंही ०.२. चारही नियम एकदम बोलतात, कुणी मोठ्यानं, कुणी हळू!

पण मोटारीला एकच आकडा हवा. म्हणून प्रत्येक नियमाची मिनिटं त्याच्या वजनानं गुणायची: ६, ६, ३ आणि ४. बेरीज १९. तिला वजनांच्या बेरजेनं, म्हणजे १.४नं भागायचं. उत्तर आलं सुमारे साडेतेरा मिनिटं! यालाच डिफझिफिकेशन म्हणतात. गढूळपणा ६१ झाला तरी उत्तर किंचितच सरकतं. तुम्हीच करून पाहा.

यात एक खड्डा आहे. त्रिकोण एकमेकांवर थोडे चढलेले हवेत. समजा ‘मध्यम’ ५५ला संपलं आणि ‘जास्त’ ६५ला सुरू झालं, तर ६०ला एकही नियम बोलणार नाही. सगळी वजनं शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही हे तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहेच.

आणि त्या डोळ्याला रंग आणि मळ यांतला फरक नीटसा कळत नाही. नव्या कापडाचा रंग गेला, तर पाणी गढूळ समजून यंत्र उगाच जास्त वेळ धूत बसेल. सेन्सरवर साबणाचा थर साचला तरी तेच. कपडे स्वच्छ असूनही रोज जास्त मिनिटं लागायला लागली, तर आधी तिथे संशय घ्यावा.