निसूर चौकातला गोळीबार कोणाच्या हिशेबी?

१६ सप्टेंबर २००७ रोजी दुपारी बगदादमधील निसूर चौकात चार चिलखती गाड्यांचा एक ताफा शिरला आणि त्याने चारी बाजूंची वाहतूक रोखून धरली. काही अंतरावर मोटारबाँबचा स्फोट झाला होता. तेथे बैठकीसाठी गेलेल्या अमेरिकी अधिकाऱ्याला परत आणताना वाट मोकळी राहावी, एवढ्याचसाठी हा ताफा आला होता. थोड्याच वेळात एका पांढऱ्या मोटारीवर गोळी झाडली गेली. मोटार चालविणारा तरुण वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी होता. शेजारी त्याची आई बसली होती, ती स्वतः डॉक्टर. दोघेही ठार झाले. त्यानंतर ताफ्यातून यंत्रबंदुकांचा मारा सुरू झाला. तो थांबला तेव्हा सतरा इराकी नागरिक मरण पावले होते किंवा मरणाच्या दारी होते. त्यांत वडिलांच्या गाडीत मागे बसलेला नऊ वर्षांचा एक मुलगाही होता.

ताफ्यातील माणसांचे म्हणणे असे की, आधी आमच्यावर हल्ला झाला. परंतु काही मिनिटांतच अमेरिकी सैन्याची एक तुकडी चौकात पोहोचली आणि तिला शत्रूच्या हल्ल्याची कोणतीही खूण आढळली नाही. म्हणजे गोळीबार करणारे अमेरिकी होते आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणारा पहिला पुरावाही अमेरिकी सैनिकांकडूनच आला. हे कसे? तर ताफ्यातील माणसे सैनिक नव्हती. ती ‘ब्लॅकवॉटर’ नावाच्या खासगी कंपनीची नोकर होती आणि त्या कंपनीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याशी आपल्या मुत्सद्द्यांच्या संरक्षणाचा करार केला होता.

या माणसांना भाडोत्री सैनिक म्हणावे, असे कोणालाही वाटेल. कायदा मात्र तसे म्हणत नाही. जिनिव्हा करारांना १९७७ साली जी पुरवणी जोडण्यात आली, तिच्या ४७व्या कलमात भाडोत्री सैनिकाची व्याख्या दिली आहे. ती अशी की, युद्धात लढण्यासाठी त्याची मुद्दाम भरती झालेली असावी. त्याने प्रत्यक्ष लढाईत भाग घेतलेला असावा. त्याचा हेतू स्वतःच्या लाभाचा असून त्याला त्या सैन्यातील समान दर्जाच्या सैनिकापेक्षा बरेच अधिक पैसे कबूल केलेले असावेत. तो लढणाऱ्या कोणत्याही पक्षाचा नागरिक वा रहिवासी नसावा. त्यांच्या सैन्यात तो नसावा. आणि कोणा तिऱ्हाईत राष्ट्राने त्याला सरकारी कामावर पाठविलेले नसावे. या सहाही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. ब्लॅकवॉटरचे बहुतेक पहारेकरी अमेरिकी नागरिक होते आणि कागदोपत्री त्यांचे काम संरक्षणाचे होते, लढण्याचे नव्हे. तेवढ्याने ते व्याख्येतून निसटले. इतक्या सैल विणीच्या जाळ्यात एखादा मासा सापडला, तर तो अपघातच म्हणायचा.

तेव्हा नियमित सैनिक आणि हा कंत्राटी शिपाई यांत खरा फरक कोणता, हे व्याख्येबाहेरच शोधावे लागते. पैसे घेणे हा तो फरक नव्हे. सैनिकही वेतन घेतोच. पैशासाठी लढणारा माणूस ऐन वेळी पाठ फिरवतो, हेही सरसकट खरे नाही. इब्राहिमखान गारदी पूर्वी निजामाच्या चाकरीत होता, पुढे मराठ्यांच्या चाकरीत आला आणि १७६१ साली पानिपतावर अखेरपर्यंत लढून प्राणास मुकला. उलट, त्यानंतर बाराच वर्षांनी थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन शनिवारवाड्यात शिरलेल्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. दोघेही गारदीच. प्रश्न इमानाचा असतो तेव्हा तो माणसागणिक बदलतो. राज्याने मात्र माणसाच्या इमानावर विसंबून राहायचे नसते.

सैनिकाला बांधणारी गोष्ट वेगळीच आहे. तो सैन्यात दाखल होतो त्या दिवशी लष्करी कायद्याच्या कक्षेत जातो, आणि तो कायदा तो जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर जातो. त्याला मनाला येईल तेव्हा नोकरी सोडता येत नाही. सोडली तर तो पळपुटा ठरतो. हुकूम मोडला तर त्याच्यावर खटला भरता येतो, आणि त्याच्या हातून काही भयंकर घडले तर त्याच्या वरिष्ठालाही जाब विचारता येतो. कंत्राटी शिपायाला यांतले काहीच लागू नसते. तो कंपनीला बांधील, कंपनी कराराला बांधील आणि करारात लिहिलेले असते ते एवढेच की, अमुक माणसाला सुखरूप पोहोचवावे. वाटेत रस्त्यावरच्या लोकांचे काय होते, हे त्या कराराच्या यशापयशात मोजले जात नाही. सैन्य इराकी जनतेचा विश्वास मिळवू पाहत होते आणि त्याच रस्त्यांवरून हे ताफे लोकांना बंदुकीच्या धाकाने बाजूला सारीत होते. अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीच्याच नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की, २००५ पासून गोळीबाराचे १९५ प्रसंग घडले होते आणि त्यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रसंगी पहिली गोळी ब्लॅकवॉटरच्या माणसांनी झाडली होती. ही व्यवस्था स्वस्त म्हणून पत्करली होती म्हणावे, तर तसेही नाही. एका पहारेकऱ्यासाठी कंपनी सरकारकडून दिवसाला १,२२२ डॉलर घेत होती. समितीच्या हिशेबाने हा खर्च तशाच सैनिकावरील खर्चाच्या सहापटीहून अधिक होता.

गुन्हा घडला तर शासन काय? २००६ च्या नाताळच्या आदल्या रात्री या कंपनीच्या एका नोकराने मद्याच्या अमलाखाली इराकच्या उपाध्यक्षांच्या अंगरक्षकाला गोळी घालून ठार केले. त्याला दीड दिवसाच्या आत इराकबाहेर नेण्यात आले. कंपनीने त्याला कामावरून काढले. काही आठवड्यांतच तो शेजारच्या कुवेतमध्ये दुसऱ्या कंत्राटदाराकडे कामाला लागला होता. लष्करात हाच गुन्हा घडता, तर तो सैनिक त्याच रात्री कोठडीत गेला असता. बडतर्फी ही मालकाने नोकराला दिलेली शिक्षा आहे, राज्याने गुन्हेगाराला दिलेली नव्हे.

निसूर चौकाचे प्रकरण इतके मोठे होते की, ते असे मिटविणे शक्य नव्हते. पण खटला भरायचा तर कोणत्या न्यायालयात? इराकच्या न्यायालयाचे दार बंद होते. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी जून २००४ मध्ये सत्ता सोडताना १७ क्रमांकाचा हुकूम कायम करून कंत्राटदारांना इराकी कायद्यापासून अभय दिले होते. सरकारी वकिलांनी आधार घेतला तो अमेरिकेच्या २००० सालच्या एका कायद्याचा. लष्कराबरोबर परदेशी जाणाऱ्या नागरी माणसांच्या गुन्ह्यांसाठी तो केलेला होता, आणि २००४ मध्ये त्याची कक्षा वाढवून संरक्षण खात्याच्या कार्याला साहाय्य करणारे इतर खात्यांचे कंत्राटदारही तीत आणले होते. हे पहारेकरी तर परराष्ट्र खात्याचे. ते संरक्षण खात्याला साहाय्य करीत होते काय, यावरच वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी न्यायालयांनी ‘होय’ म्हटले, पण आरोपींना पळवाटेची आशा दाखविण्याइतकी जागा कायद्यानेच ठेवली होती.

दुसरी अडचण तपासाची. घटनेनंतर लगेच परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी या माणसांचे जबाब घेतले आणि ते फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत, असे लेखी सांगितले. ज्या खात्याचे हे पहारेकरी, त्याच खात्याने हा तपास केला होता. गुन्हेअन्वेषणाचे खरे अधिकारी दोन आठवड्यांनंतर चौकात पोहोचले. पुढे सतरापैकी चौदा मृत्यूंना कसलेही समर्थन नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष झाला. परंतु पहिल्या जबाबांचा संसर्ग सगळ्या खटल्याला झाला आहे, असे म्हणून न्यायाधीशांनी २००९ च्या अखेरच्या दिवशी तो काढून टाकला. २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. २०१४ मध्ये इराकी साक्षीदार विमानाने वॉशिंग्टनला आणण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये, घटनेनंतर सात वर्षांनी, चौघे दोषी ठरले. एकाला जन्मठेप झाली, तिघांना तीस वर्षांची सजा.

ही तीस वर्षे कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. गुन्ह्यात यंत्रबंदूक वापरल्यास अमेरिकेच्या कायद्याने किमान तीस वर्षांची शिक्षा ठरलेली आहे. पण येथे ती बंदूक सरकारी कामासाठी, सरकारच्याच संमतीने हाती आली होती. २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने त्या तिघांची शिक्षा घटनाबाह्य ठरविली, आणि चौथ्याचा खटलाही नव्याने चालवावा लागला. २०१९ मध्ये तिघांची सजा बारा ते पंधरा वर्षांवर आली. चौथ्याची जन्मठेप कायम राहिली. गुंडांसाठी केलेला कायदा युद्धभूमीवर आणला, तर तो असा अंगाला बसत नाही.

अबू घरीबच्या तुरुंगात हा भेद आणखी उघडा पडला. तेथे २००३ मध्ये कैद्यांचा जो छळ झाला, त्यासाठी अकरा सैनिकांना लष्करी न्यायालयांनी दोषी ठरविले. त्याच तुरुंगात कंत्राटी चौकशीकारही कामाला होते आणि लष्कराच्याच चौकशी अहवालात त्यांच्यावर ठपका होता. त्यांच्यापैकी कोणावरही फौजदारी खटला झाला नाही. तीन कैद्यांनी ‘सीएसीआय’ या कंपनीविरुद्ध २००८ मध्ये भरपाईचा दावा लावला. ज्यूरीने त्यांच्या बाजूने चार कोटी वीस लाख डॉलरचा कौल दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. एकाच भिंतीआड घडलेल्या गोष्टींचा न्याय एकाला दोन वर्षांत तुरुंगात नेतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत वीस वर्षांनी फक्त पैशांचा हिशेब मागतो.

लष्करी न्याय निर्दोष आहे, असे येथे सुचवायचे नाही. व्हिएतनाममधील माय लाय गावात १९६८ साली शेकडो निःशस्त्र माणसे मारली गेली; त्याबद्दल एकट्या लेफ्टनंट कॅलीला शिक्षा झाली, आणि अध्यक्ष निक्सन यांच्या हुकमाने तो तुरुंगाऐवजी बहुतांश काळ आपल्या घरात नजरकैदेत राहिला. परंतु त्याच्या कॅप्टनला कोर्ट मार्शलसमोर उभे राहावे लागले, तो सुटला हे खरे असले तरी. आणि त्यांच्या डिव्हिजनच्या सेनापतीची पदावनती झाली. हुकमाच्या साखळीची कडी वर वर ओढता तरी आली.

निसूर चौकात ही साखळी चार गाड्यांपाशीच संपली. कंपनीतील कोणीही वरिष्ठ त्या मृत्यूंसाठी न्यायालयात उभा राहिला नाही. २२ डिसेंबर २०२० रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. सुधारलेली शिक्षा सुनावून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. कंपनीने २००९ मध्ये आपले नाव बदलून ‘झी’ केले, २०११ मध्ये पुन्हा बदलून ‘अकॅडेमी’ केले. सरकारी कंत्राटे तिला या दोन्ही नावांवर मिळत राहिली.