चेंडू, कॅमेरा आणि ११५ मिलिसेकंद

टेबलावर एक छोटा कॅमेरा, त्याच्याखाली मोटर. समोर नारिंगी चेंडू सरकला की कॅमेऱ्याने मान वळवून तो चौकटीच्या मधोमध ठेवायचा. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रकल्पांत हा खेळ नेहमी दिसतो, आणि त्यातला एक घोटाळाही. संगणकावरच्या गणितात सगळं ठीक असतं, प्रत्यक्षात मात्र चेंडू थांबला तरी कॅमेरा नकार दिल्यासारखा मान हलवत राहतो. गणितात सहसा कॅमेऱ्याचा उशीर धरलेलाच नसतो. हा उशीर किती चालला असता, हे मोटर सुरू करण्याआधी कागदावर काढता येतं.

चूक दिसली की ती कमी होईल अशा दिशेने ढकलायचं, हे अशा फीडबॅक लूपचं काम. झोपाळा थांबवायचा असेल तर आपण तो येतोय त्याच्या उलट जोर लावतो. तोच जोर अर्ध्या हेलकाव्याइतका उशिरा लागला, तर तोवर झोपाळा परत फिरलेला असतो आणि थांबवायला गेलेला हात झोका देऊन बसतो. एका पूर्ण हेलकाव्याला ३६० अंश धरतात, म्हणजे धोक्याची रेघ १८० अंशांवर.

पण नुसतं १८० अंश मागे पडून बिघडत नाही. लूपमध्ये एक लहर सोडली आणि फेरी मारून ती लहान होऊन परतली, तर ती विझते. संथ लहरी मोठ्या होऊन परततात, जलद लहरी लहान होऊन. ज्या गतीची लहर गेली तेवढीच परत येते ती क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी. त्या गतीला लहर १८० अंशांच्या रेघेपासून जितके अंश अलीकडे असते, ते फेज मार्जिन.

आता आपला कॅमेरा. चेंडू मध्यापासून १ अंश सरकला, तर मोटरला सेकंदाला १० अंश वेगाने वळायचा हुकूम मिळतो. म्हणजे गेन १०. मोटर जड असते, नवा वेग धरायला तिला ०.१ सेकंदाच्या आसपास लागतो. अभियंत्यांच्या नेहमीच्या लिपीत हा लूप असा:

```
L(s) = 10 / (s (1 + 0.1 s))
```

क्रॉसओव्हरला या अपूर्णांकाचं माप १ भरलं पाहिजे. म्हणजे ω × √(१ + ०.०१ω²) हा गुणाकार १० यायला हवा. ω ७.८६ धरला तर वर्गमूळ १.२७ येतं आणि गुणाकार १०. तेव्हा क्रॉसओव्हर सेकंदाला ७.८६ रेडियन, आणि त्या लहरीचा एक हेलकावा ०.८ सेकंदाचा.

ती लहर किती मागे पडते? मोटरला आपण वेग सांगतो आणि मोजतो कोन, त्यात ९० अंश जातात. मोटरच्या जडपणात आणखी ३८.२. एकूण १२८.२. रेघेपर्यंत उरले ५१.८ अंश. पुस्तकं ४५ ते ६० अंशांना चांगलं म्हणतात, म्हणून मुलं इथेच निश्चिंत होतात.

निव्वळ उशिराचा स्वभाव असा की तो लहर मोठीही करत नाही, लहानही करत नाही, फक्त मागे ढकलतो. त्यामुळे क्रॉसओव्हर जागचा हलत नाही आणि हिशेब सोपा होतो: शिल्लक अंश हेलकाव्याचा जेवढा भाग, तेवढा वेळ उशिराला मोकळा. ५१.८ ला ३६० ने भागून ०.८ सेकंदाने गुणलं की ०.११५ सेकंद, म्हणजे ११५ मिलिसेकंद. पुस्तकात हेच ‘फेज मार्जिन भागिले क्रॉसओव्हर’ असं असतं. मात्र तिथे अंशांचे रेडियन आधी करून घ्यावे लागतात. ते विसरून थेट ५१.८ ला ७.८६ ने भागलं तर उत्तर साडेसहा सेकंद येतं, आणि हे उत्तर मी वहीत खाली दोन रेघा मारून लिहिलेलं पाहिलं आहे.

प्रत्यक्षातला उशीर मोजायला मोबाइलचं स्लो मोशन पुरतं. कॅमेऱ्यासमोर एक एलईडी लावायचा, आणि मोटरला हुकूम सुटताच पेटणारा दुसरा. सेकंदाला २४० चित्रांच्या चित्रणात दोन्हींमधली चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. समजा, चित्र टिपणं आणि त्यातून चेंडू शोधणं यात ७३ मिलिसेकंद निघाले. शिवाय ३० चित्रांच्या कॅमेऱ्यात एक हुकूम पुढचं चित्र येईपर्यंत तसाच धरला जातो. त्याचा सरासरी उशीर अर्ध्या चित्राचा, म्हणजे १७. हा एलईडीत दिसत नाही, हातानेच मिळवावा लागतो. एकूण ९०.

११५ पेक्षा कमी आहे, पण ९० मिलिसेकंदांनी ४०.५ अंश खाल्ले आणि उरले जेमतेम ११. लूप तांत्रिकदृष्ट्या स्थिर, पण चेंडू थांबल्यावरही कॅमेरा कितीतरी वेळ डुलतो. तो साधारण ०.८ सेकंदाच्या हेलकाव्याने डुलत असेल, तर चोर म्हणून उशिरावर संशय घ्यायला हरकत नाही. बरोबर ११५ ला ते डोलणं वाढतही नाही, विझतही नाही.

डुलतोय म्हणून गेन वाढवून ‘जोर’ द्यावा, असं हमखास सुचतं. गेन २० केला की क्रॉसओव्हर १२.५ वर जातो आणि फेज मार्जिन ३८.७ अंशांवर येतं. कोन पाऊणपट झाला, पण हेलकावाही आखूड झाल्याने मोकळा वेळ निम्म्याहून खाली, ५४ मिलिसेकंदांवर उतरला. आपल्याकडे ९० आहेत. यंत्र बेभान होतं.

आणखी एक खोच आहे. कॅमेरा लवचीक पट्टीवर बसवला आणि ती सेकंदाला ६० रेडियनच्या आसपास थरथरणारी असली, तर तिथे विझत आलेली लहर पुन्हा फुगते. थरथर फारच कमी शमणारी (डॅम्पिंग ०.०१) असेल, तर गेन १० ला लहरीचं माप तिथे परत १ ओलांडून खाली येतं. म्हणजे नवे क्रॉसओव्हर. त्यातल्या शेवटच्याला लहर सुमारे ३०२ अंश मागे असते, आणि धोक्याची पुढची रेघ येते पूर्ण फेरा धरून ५४० वर. मध्ये २३८ अंशांची ऐसपैस जागा! पण इथला हेलकावा फक्त ०.१०४ सेकंदाचा, म्हणून त्या जागेची किंमत होते ६९ मिलिसेकंद. लहान कोन आधी संपेल असं नाही. प्रत्येक क्रॉसओव्हरचा वेळ वेगळा काढायचा आणि सर्वांत छोटा धरायचा. इथली खूण म्हणजे संथ डुलण्याऐवजी सेकंदाला दहाएक वेळा होणारी थरथर.

गेन ५ वर आणला, की पट्टीजवळचं माप १ च्या खाली राहतं आणि तो क्रॉसओव्हर नाहीसा होतो. मुख्य क्रॉसओव्हर ४.५५, मार्जिन ६५.५ अंश, मोकळा वेळ २५१ मिलिसेकंद. आपले ९० वजा करूनही ४२ अंश उरतात, आणि कॅमेरा एक-दोनदा हलून थांबतो. याचं मोल मोजावं लागतं ते पाठलागात. चेंडू सेकंदाला २० अंश वेगाने सरकत असेल तर गेन १० ला कॅमेरा २ अंश मागे राहिला असता, आता ४ राहतो. भिंगात ६० अंशांचं दृश्य मावत असल्याने चेंडू चौकटीबाहेर जात नाही, जरा कडेला दिसतो इतकंच.