दोन गोळ्यांवर थांबणारी आव

माझ्या मावसभावाला जवळपास चार महिने आव पडत होती. फिरतीची नोकरी असल्यामुळे जेवण कधी धाब्यावर, कधी गाडीवर. सकाळी उठल्याउठल्या पोटात मुरडा यायचा, नाश्ता होईपर्यंत तीन-चार वेळा जावं लागायचं. शौच पातळ, त्यात शेंबडासारखी चिकट आव, आणि जाऊन आल्यावरही पोट मोकळं झाल्यासारखं वाटायचं नाही. कुंथलं की पुन्हा थोडी आवच पडायची. असं झालं की तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेल्या गोळ्या आणायचा. दोन दिवसांत आराम पडायचा. मग उरलेल्या गोळ्या कपाटातल्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी. पंधरा-वीस दिवसांनी ती पुढची वेळ यायचीच.

“औषध लागू पडतंय की! मग डॉक्टरकडे कशाला जायचं?” असं तो म्हणायचा. त्याचं म्हणणं चुकीचं का होतं, ते समजायला अमिबा पोटात राहतो कसा ते बघावं लागतं.

आव पाडणारा अमिबा, एन्टअमिबा हिस्टोलिटिका, दोन रूपांत असतो. एक फिरतं रूप. ते मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरून तिथे जखमा करतं. मुरडा, आव, रक्त हे सगळं त्याचं काम. दुसरं रूप म्हणजे कोष. जाड कवचात बंद झालेला हा अमिबा आतड्याच्या पोकळीत तयार होतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. तोच पुढे पाण्यातून, कोशिंबिरीतून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातो. नळाच्या पाण्यात साधारणपणे जेवढं क्लोरीन असतं तेवढ्याने हे कवच फुटत नाही. पाणी उकळलं की मात्र कोष मरतो.

मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल ही एकाच कुळातली औषधं. गोळी गिळली की औषध लहान आतड्यातच बहुतेक शोषलं जातं आणि रक्तातून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतं. त्यामुळे भिंतीत घुसलेल्या अमिबावर ते चांगलं चालतं. पण मोठ्या आतड्याच्या पोकळीत पुरेसं औषध उरत नाही, आणि कोष नेमके तिथे असतात. म्हणून या औषधाचा पूर्ण क्रम झाला, तरी पोकळीत काम करणारं दुसरं औषध द्यावं लागतं. डायलोक्सानाइड फ्युरोएट हे त्यातलं एक. ते साधारणपणे दहा दिवस देतात. माझा भाऊ पहिल्याच औषधाच्या चार-पाच गोळ्या घेऊन थांबत होता. जखमा जरा निवायच्या, मुरडा थांबायचा, आणि आत राहिलेल्यांतून पुन्हा सुरुवात व्हायची. शिवाय कधीकधी जुलाब साध्या जंतूंचे असतात आणि दोन दिवसांत आपोआपच थांबतात. त्याचंही श्रेय गोळीलाच जातं, आणि गोळीवरचा विश्वास वाढतो.

मधल्या काळात त्याने शौचाची तपासणी एकदा करून घेतली होती. अहवालात लिहिलं होतं, अमिबा किंवा कोष आढळले नाहीत. तो खूश. मी विचारलं, नमुना कधी दिलास? सकाळी सहाला डबीत घेतला, अकराला कामावर जाताना प्रयोगशाळेत टाकला. आणि दोनच दिवसांपूर्वी गोळ्या घेऊन झाल्या होत्या.

इथेच तपासणी फसते. पातळ शौचातला फिरता अमिबा शरीराबाहेर फार टिकत नाही. अर्ध्या तासाच्या आत, फार तर तासाभरात नमुना सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. नाहीतर अमिबा विरघळून जातो आणि तंत्रज्ञाला काहीच दिसत नाही. ताज्या थेंबात तो पाय पुढे सरकवत चालताना दिसतो, आणि त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या रक्तपेशी दिसल्या की शंका उरत नाही. जिवाणूविरोधी गोळ्या नुकत्याच घेतल्या असतील तरीही नमुना कोरा येऊ शकतो. शिवाय जंतू रोज सारखे पडत नाहीत. एका नमुन्यात निम्म्याच्या आसपास वेळा तो हुकतो. म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागतात.

पोटतज्ज्ञांकडे तो शेवटी गेला, तेव्हा शेवटची गोळी घेऊन दोन आठवडे होऊन गेले होते, हे बरं झालं. त्यांनी दिवसाआड तीन नमुने सांगितले आणि तेही प्रयोगशाळेतच जाऊन. लघवी किंवा पाणी मिसळू द्यायचं नाही, आणि डबीत घट्ट भाग न घेता आव किंवा रक्त असलेला भाग घ्यायचा. पहिले दोन नमुने कोरे आले. तिसऱ्यात अमिबा चालताना दिसला, पोटात रक्तपेशी घेऊन.

त्याच्या बायकोला काहीच त्रास नव्हता, पण तिच्या नमुन्यात कोष दिसले. आता नुसत्या कोषावरून निदान होत नाही, कारण एन्टअमिबा डिस्पार नावाच्या निरुपद्रवी अमिबाचे कोष अगदी तसेच दिसतात. तिची अँटिजेन तपासणी केली, त्यात ते हिस्टोलिटिकाचेच निघाले. तिला फक्त पोकळीतलं औषध पुरलं. त्याला दोन्ही घ्यावी लागली. घरात एकाचंच पोट दुरुस्त करून का भागत नाही, ते मला तेव्हा नीट उमगलं.

जिआर्डियाची गोष्ट थोडी वेगळी. तो लहान आतड्याच्या वरच्या भागात अस्तराला चिकटून बसतो, भिंतीत घुसत नाही. म्हणून रक्त पडत नाही. आव असली तरी थोडी. शौच तेलकट, फार घाण वासाचं आणि पाण्यावर तरंगणारं असतं. पोट फुगतं, सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात, वजन उतरतं. याचे कोषही काही दिवस पडतात, काही दिवस पडत नाहीत. टिनिडाझोलचा योग्य डोस त्यावर बहुधा चांगला चालतो. घोळ होतो तो नंतर. जिआर्डियाने आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, त्यामुळे काही आठवडे दूध पचत नाही. चहा-दुधानंतर पुन्हा पातळ झालं की लोक समजतात, जंतू गेला नाही, आणि पुन्हा गोळ्या सुरू करतात. अशा वेळी आधी शौच तपासून घ्यावं आणि थोडे दिवस दूध बंद करून बघावं.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची. आव पडते म्हणजे अमिबाच, हे धरून वर्षानुवर्षं मेट्रोनिडाझोल खाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींना आतड्याची जुनाट सूज, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. उलटही घडतं: अमिबाच्या जखमांना कोलायटिस समजून स्टेरॉइड दिलं, तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येते. म्हणून दुर्बिणीने तपासून स्टेरॉइड द्यायचं ठरलं, तरी आधी अमिबा नाही याची खात्री करतात. रक्त पडत असताना जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. उजव्या बरगडीखाली दुखून ताप येत असेल, तर अमिबा यकृतात पोहोचल्याची शक्यता असते, आणि तेव्हा शौचाचा नमुना बहुतेक वेळा कोराच येतो. निदान पोटाच्या सोनोग्राफीने आणि रक्ताच्या तपासणीने होतं.

औषधं संपल्यावर महिन्याभराने दोघांचे नमुने पुन्हा तपासले. दोन्ही कोरे होते, आणि या वेळी ते तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली गेले होते. वहिनीने कपाटातला डबा रिकामा केला. त्यात अर्धवट वापरलेली सहा पाकिटं निघाली.