हनुवटी, अंबाडा आणि कॅमेरा

भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि ती एकाच फोटोशी अडून बसली. नथ ठसठशीत दिसावी म्हणून तो डाव्या बाजूने काढला होता. "मावशी, माझी हनुवटी गेली कुठे?" तिची हनुवटी लहान आणि जराशी मागे आहे. समोरून ते जाणवतही नाही, बाजूने मात्र लगेच दिसतं. लग्नाला महिना होता, म्हणून एका रविवारी आम्ही दोघी गच्चीवर गेलो.

आधी तिला थोडं वळवलं. पूर्ण बाजूच्या फोटोत चेहऱ्याचं पुढे-मागे असणं जसंच्या तसं उतरतं. चेहरा कॅमेऱ्याकडे 45 अंश वळला, की ओठ आणि हनुवटी यांमधलं ते अंतर सुमारे 30 टक्क्यांनी कमी दिसतं. डावी बाजूच पुढे असल्यामुळे नथही दिसत राहते. फक्त नाकाचा शेंडा पलीकडच्या गालाच्या रेषेबाहेर जाता कामा नये. तो बाहेर गेला की नाक मोठं दिसतं आणि त्याच्याखाली हनुवटी आणखी लहान वाटते. फोन हातभर अंतरावर धरला तरी हेच होतं, कारण जवळची वस्तू फुगते. मी दोन मीटर मागे गेले आणि दुप्पट झूम केलं.

फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. खालून काढलेल्या फोटोत जबड्याखालचा भागच जास्त दिसतो आणि मान कुठे सुरू होते ते कळत नाही. मग तिला मान उंच करून हनुवटी बोटभर वर घ्यायला सांगितलं. डोकं मागे कलतं तशी हनुवटी कपाळाच्या मानाने पुढे येते. नाकपुड्या दिसू लागल्या, की समजावं जास्त झालं. समोरच्या फोटोसाठी चेहरा पुढे काढायला सांगतात, पण बाजूने तो ताणलेला कासवासारखा दिसतो. तो सल्ला इथे चालत नाही.

साखरपुड्याला केस चापून मागे घेतले होते आणि मानेवर गजऱ्याचा जड अंबाडा होता. सगळं वजन मागे, पुढे काहीच नाही. या वेळी अंबाडा थोडा लहान करून वर घेतला आणि कानापुढे एक सैल बट सोडली. ती हनुवटीच्या किंचित खाली संपत होती. रिकाम्या वाटणाऱ्या जागी तिने भर घातली. बट नेमकी हनुवटीवरच संपली असती, तर नजर तिथेच अडकली असती.

गळ्याचं मात्र तिला पटायला वेळ लागला. बंद गळ्याचा ब्लाउज आणि त्यावर घट्ट ठुशी, म्हणजे जबड्याखालची मोकळी जागाच संपते. ठुशीचा गोंडा सैल करून ती गळ्याच्या खळीपर्यंत उतरवली, खाली मोहनमाळ घातली आणि ब्लाउजचा गळा चार बोटं खोल शिवायला सांगितला. मान लांब दिसली आणि जबड्याची कड सुटी झाली.

पूर्ण बाजूच्या फोटोत तिची हनुवटी आजही लहानच दिसते. लग्नात तसाही एक फोटो काढू दे, असं तीच म्हणाली.